आलेखातला खळगा

बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्यांच्या रांगेत डांबरगोळ्यांचा कारखाना शेवटचा होता, आणि त्या कारखान्यात सिद्धरामची प्रयोगशाळा शेवटची. प्रयोगशाळा हा शब्द आपला बोलायला. पत्र्याच्या छपराखाली एक खोली, सिमेंटचा ओटा, विजेवर तापणारं पाण्याचं भांडं, काचेच्या नळ्या, दोन थर्मामीटर आणि एक कपाट, एवढाच पसारा. खोली लांब बांधली होती कारण वास कुणाला नको होता. ज्या वासावर अख्खा कारखाना पोट भरत होता, तोच वास ऑफिसातल्या लोकांना डोकं दुखवणारा वाटायचा.

सिद्धरामला मात्र तो केव्हाच येईनासा झाला होता. इतरांना यायचा. संध्याकाळी बिदरला जाणाऱ्या बसमध्ये तो खिडकीशी बसला की शेजारची जागा रिकामी राहायची. एखादी बाई पोराला घेऊन टेकायची, नाकाला पदर लावायची आणि पुढच्या थांब्याला मागच्या बाकावर जायची. पहिली दोन वर्षं त्याला फार लागलं. मग त्यानं त्या रिकाम्या जागेवर डबा ठेवायला सुरुवात केली, म्हणजे जागा आपणच अडवली आहे असं वाटावं.

तो मूळचा मंठाळचा. घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं राखलेली, बीएस्सी होणारा हाच पहिला. चौऱ्याण्णव साली तो इथे लागला आणि आता दोन हजार पाच उजाडलं होतं. बायको जगदेवी तीन वर्षांपूर्वी मुलाबरोबर भोसरीला गेली. मुलाला तिथे कंपनीत काम मिळालं, त्याला जेवायला कोण घालणार म्हणून ती गेली, आणि मग तिथेच चार पोरांचे डबे करायला लागली. तुम्हीही या म्हणाली होती. सिद्धराम म्हणाला, इथली सही माझी आहे, माझ्या सहीशिवाय माल गेटाबाहेर पडत नाही. नवऱ्याची एक सही आपल्यापेक्षा जड आहे हे कळल्यावर कोणती बाई बोलेल?

पण सहीचं खोटं नव्हतं. कारखान्यात पोलादाच्या कारखान्यांकडून कच्चं नॅफ्थलीन यायचं, पिवळट आणि चिकट. ते शुद्ध करून त्याचे पांढरे पापुद्रे पोत्यात भरले जायचे. थोड्याच्या गोळ्या वळायच्या, बाकीचं सगळं हैदराबादच्या एका रंगाच्या कंपनीला जायचं. माल किती शुद्ध आहे हे बघायची एकच रीत होती. तो वितळवायचा आणि कोणत्या अंशाला गोठतो ते बघायचं.

रीत सांगायला सोपी आणि करायला कंटाळवाणी होती. पापुद्रे नळीत भरून नव्वद अंशांच्या पाण्यात ठेवायचे. पाण्यासारखा नितळ रस झाला की ती नळी दुसऱ्या मोठ्या नळीत लटकवायची, म्हणजे मधल्या हवेमुळे रस सावकाश निवतो. आत थर्मामीटर आणि ढवळायला तारेचं कडं. कडं हळूहळू वरखाली करायचं आणि दर अर्ध्या मिनिटाला पारा वाचायचा. पारा उतरत उतरत येतो आणि एका जागी थांबतो. बाहेर हवा गारच असते, नळीतली उष्णता जातच असते, तरी पारा हलत नाही. कारण रस गोठताना स्वतःच्या पोटातली उष्णता बाहेर सोडतो आणि जेवढी जाते तेवढी भरून काढतो. सगळं घट्ट होईपर्यंत हे चालतं. मग पारा पुन्हा उतरायला लागतो. आलेख काढला तर आधी उतार, मग सपाट पठार, मग परत उतार. पठार जितकं उंच आणि सपाट, तितका माल शुद्ध. भेसळ असेल तर पठार खाली येतं आणि कलतं.

एवढ्यावर भागलं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं. पण पठार येण्याआधी एक गंमत होते. रस गोठायच्या अंशाला पोचतो आणि गोठतच नाही. पहिला स्फटिक कुठे धरावा हे त्याला सापडत नाही, म्हणून तो रसच राहतो आणि गोठणबिंदूच्याही खाली निवत जातो, कधी अर्धा अंश, कधी पूर्ण एक. आणि मग अचानक नळीत पांढरी सुई उमटते, तिला दुसरी फुटते, सगळी नळी धुरकटते, आणि इतका वेळ कोंडलेली उष्णता बाहेर पडल्यामुळे पारा चक्क वर चढतो. चढून पठारावर जातो आणि तिथे थांबतो. गोठणबिंदू तो वरचा, खालचा नव्हे. आलेखात मात्र पठाराच्या तोंडाशी एक खळगा पडतो.

पहिल्यांदा तो खळगा दिसला तेव्हा सिद्धराम लहान पोरासारखा हरखला होता. पुस्तकात वाचलेलं आपल्या हातातल्या नळीत घडत होतं. त्यानं आलेख रेखीव काढला, खळग्यासकट, आणि मालक बसलिंगप्पांना नेऊन दाखवला. बसलिंगप्पा मन्नाएखेळ्ळीचे, आधी धान्याचा व्यापार, मग हा कारखाना. माणूस वाईट नव्हता, पण आलेख त्यांना कळायचा नाही. त्यांनी तो माल खपवणाऱ्या दलालाकडे पाठवला. दलालाला तर त्याहून कळायचं नाही. त्यानं निरोप धाडला की निवणारी वस्तू मधेच तापते कशी, तुमचं थर्मामीटर बिघडलंय, माल परत न्या. ट्रक खरोखर परत आला. बसलिंगप्पांनी सिद्धरामला बोलावून सांगितलं की तो खड्डा काढून टाक, सरळ रेघ मार, आकडा तर तोच राहतो ना.

आकडा तोच राहत होता, हेच तर वाईट झालं. बदलला असता तर सिद्धरामनं ऐकलं नसतं. पठार खरं, अंश खरा, फक्त मधली तीनचार वाचनं लपवायची. त्यानं त्याची एक पद्धत बसवली. पारा गोठणबिंदूच्या जवळ आला की पेन ओट्यावर ठेवायचं, खळग्यातले आकडे नुसते डोक्यात धरायचे, पारा चढून स्थिर झाला की त्या रिकाम्या ओळींत पठाराचाच आकडा भरायचा. डोक्यातले आकडे मग आपोआप विरून जायचे. असं रोज, अकरा वर्षं. एकही तपासणी त्यानं चुकवली नाही. ताप असताना केली, बाप रात्री वारला तर दुसऱ्या दिवशी येऊन केली. तीन हजारांवर तपासण्या झाल्या असतील.

आणि दर वेळी पारा वर वळला की त्याला तोच पहिला आनंद व्हायचा, आणि सांगायला कोणी नसायचं. एकदा जगदेवीला सांगायचा प्रयत्न केला होता. ती म्हणाली, "मग तुमी लिवत कामून न्हाई?" त्यावर त्यानं तो विषयच सोडला.

त्या वर्षी जानेवारीत हैदराबादच्या कंपनीनं कळवलं की पुढच्या वर्षाचा करार करण्याआधी आमची केमिस्ट येऊन कागद तपासेल. आली ती तेजश्री नावाची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी. मूळची उदगीरची, त्यामुळे मराठीत बोलली. ऑफिसात बसा म्हटलं तर नको म्हणाली आणि सरळ शेवटच्या खोलीत आली. नाकाला रुमालही लावला नाही. सिद्धरामनं खुर्ची पुसून दिली. आपल्या खोलीत दुसरी खुर्ची नाही हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं, आणि तो उभाच राहिला.

तिनं अकरा वर्षांची रजिस्टरं ओट्यावर मांडली आणि पानं उलटायला लागली. सिद्धराम मनातून फुशारला होता. अक्षर मोत्यासारखं, एक दिवस गाळलेला नाही, खाडाखोड नाही. कौतुकाचे दोन शब्द येतील म्हणून तो वाट बघत होता. तासाभरानं तिनं पाच वेगवेगळ्या वर्षांची पानं उघडून शेजारी शेजारी ठेवली आणि बसलिंगप्पांना बोलावून घ्यायला सांगितलं.

"यातल्या एकाही आलेखात खळगा नाही," ती म्हणाली. "स्वच्छ नळीत, इतक्या सावकाश निवताना, रस कधी तरी गोठणबिंदूच्या खाली गेलाच पाहिजे. तीन हजार वेळा केलं आणि एकदाही गेला नाही? हे आकडे घरी बसून भरलेत असं मला वाटतं."

खरं सांगायचं तर आधी, अगदी क्षणभर, सिद्धरामला आनंदच झाला. अकरा वर्षांत त्याच्यासमोर खळग्याचं नाव काढणारी ती पहिलीच होती. आणि काढलं ते असं, त्याच्या अख्ख्या आयुष्यावर काट मारण्यासाठी. रडावं की काय करावं, त्याला कळेना.

बसलिंगप्पा दारातच उभे होते, रुमाल नाकाला. ते म्हणाले की आमचा माणूस फार जुना आहे, खोटं करणारा नाही. तेजश्रीनं थोडा विचार केला. ती दुष्ट नव्हती, तिनंच एक वाट उघडली. एक शक्यता आहे, ती म्हणाली, पारा गोठणबिंदूच्या किंचित खाली आल्याबरोबर त्याच मालाचा एक दाणा रसात टाकला तर स्फटिक लगेच धरतात आणि खळगा जवळजवळ पडत नाही. काही जण तसं करतात. तुम्ही तसं करत होता का, हे तिनं सिद्धरामला विचारलं.

उत्तर बसलिंगप्पांनी दिलं. "व्हय की. दाणा टाकल्याशिवाय तो करतच न्हाई."

तेजश्री सिद्धरामकडेच बघत राहिली. मग म्हणाली की बोलण्यात काय आहे, मला एक तपासणी करून दाखवा, नेहमी करता तशीच. सिद्धरामनं कालच्या मालातले पापुद्रे नळीत भरले आणि नळी पाण्यात सोडली.

वितळायला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत बसलिंगप्पांनी स्वतःच्या हातानं ओट्यावर एक बशी ठेवली, तीत चिमूटभर पापुद्रे, शेजारी चिमटा. "दाणा इसरू नको सिद्धराम," असं अगदी सहज म्हणाले. सगळंच सोपं होतं. एक दाणा टाकायचा, खळगा पडणार नाही, रजिस्टरं खरी ठरतील, करार होईल, सही राहील. अकरा वर्षांचं काम वाचवायला एका दाण्याचं खोटं पुरेसं होतं. आणि तसं बघितलं तर ते काम खरंच झालेलं होतं, मग खोटं ते कितीसं?

नळी हवेत लटकली. सिद्धराम कडं वरखाली करायला लागला आणि आकडे मोठ्यानं सांगायला लागला. तेजश्री घड्याळ धरून आपल्या वहीत लिहीत होती. चौऱ्याऐंशी. त्र्याऐंशी दशांश एक. ब्याऐंशी दशांश तीन. एक्क्याऐंशी दशांश पाच. ऐंशी दशांश आठ.

ऐंशी दशांश एक झाले तेव्हा त्यानं चिमटा उचलला. गोठणबिंदूच्या आधी दाणा टाकला तर तो वितळून जातो, फार उशिरा टाकला तर खळगा पडून जातो. वेळ आलीच होती. बसलिंगप्पा खाकरले. एकोणऐंशी दशांश पाच. चिमट्याच्या टोकाला पांढरा पापुद्रा नळीच्या तोंडावर आला. तेजश्री वहीतून मान काढून नळीत बघत होती, तिचं डोकं त्याच्या खांद्याजवळ आलं होतं. इतक्या वर्षांत या ओट्याशी, या नळीत त्याच्याबरोबर कोणी वाकून बघितलं नव्हतं.

त्याला वाटलं, आज टाकला तर मग हे कोणालाच कधीच दिसणार नाही. त्यानं चिमटा बशीत परत ठेवला.

"एकोणऐंशी," तो म्हणाला. नळी नितळच होती. बसलिंगप्पा दारातून निघून गेले, त्यांच्या चपला व्हरांड्यात वाजल्या. "अठ्ठ्याहत्तर दशांश सहा." आता त्याला वेगळीच भीती वाटायला लागली. आज काही घोळ झाला, पारा खाली गेला आणि चढलाच नाही, तर माल खराब, रजिस्टरं खोटी आणि माणूसही खोटा ठरणार. मग नळीच्या तळाशी एक पांढरी सुई उमटली. तिच्या अंगाला दुसरी. बघता बघता सगळा रस धुरकटला.

"चढायलाय," सिद्धराम म्हणाला. "बघा मॅडम, चढायलाय."

तेजश्रीनं तोंड अगदी थर्मामीटरला भिडवलं. एकोणऐंशी दशांश दोन. एकोणऐंशी दशांश सहा. एकोणऐंशी दशांश सात, आणि तिथे पारा उभा राहिला. ती हसली. खरी हसली, तपासायला आलेल्या माणसासारखी नव्हे. कॉलेजात पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं थर्मामीटर फुटलं, असं ती म्हणाली. सिद्धरामही हसला. पारा एकोणऐंशी दशांश सातवर सहा मिनिटं थांबला, आणि ती सहा मिनिटं दोघं जण नळीकडे बघत राहिले. त्याला ती संपू नयेत असं वाटत होतं.

पारा परत उतरायला लागला तेव्हा त्यानं सांगून टाकलं. "दाणा मी कधीच टाकलो न्हाई. दर बारीला असंच व्हतंय. मी बघितलो सगळं, लिवलो न्हाई." मग दलाल, परत आलेला ट्रक, डोक्यात धरलेले आकडे, सगळं सांगितलं. मालकांचं नाव घ्यायचं त्यानं टाळलं, पण तिला कळायचं ते कळलं. तिनं मधे फक्त एकदा विचारलं की अकरा वर्षांत हे कोणाला सांगितलं नाहीत का. तो म्हणाला, सांगायला होतं कोण.

तेजश्री खुर्चीत बसून अहवाल लिहायला लागली. लिहून झाल्यावर तिनं तो त्याला वाचायला दिला, तशी तिला गरज नव्हती. हा माल पसंत, गोठणबिंदू एकोणऐंशी दशांश सात, माझ्या समोर तपासला. त्याच्या खाली: याआधीच्या नोंदींत वाचनं बदललेली आहेत, त्या तपासण्या प्रत्यक्ष झाल्या होत्या असं धरता येत नाही. करार होईल, पण इथून पुढे प्रत्येक मालाची तपासणी कंपनी हैदराबादला स्वतः करेल. म्हणजे इथल्या सहीला काही अर्थ उरला नव्हता.

सिद्धरामनं ते दोनदा वाचलं. मग फार जपून, एवढंच विचारलं की तपासण्या झाल्या होत्या, मी रोज केल्या, एवढी एक ओळ घालता येईल का.

तिला वाईट वाटलं हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती म्हणाली, "अण्णा, मला पटतंय. पण मी ते पाहिलेलं नाही. मी हीच एक नळी पाहिली."

यात चूक काढायला जागा नव्हती. त्यानं मान हलवली आणि अहवालावर सही केली. तेजश्रीला चारची हैदराबादची बस गाठायची होती. जाताना तिनं रजिस्टरं स्वतः उचलून कपाटात नीट लावून दिली, आणि फाटकापर्यंत पोचवायला येऊ नका म्हणाली. तो दारात उभा राहिला, ती वळणाआड जाईपर्यंत.

नियमाप्रमाणे एका मालाच्या दोन नळ्या करायच्या असतात. आता ती दुसरी कोणी विचारणार नव्हतं. बसलिंगप्पा ऑफिसात फोनवर कुणाशी तरी कानडीत तावातावानं बोलत होते. उद्या ते आपल्याला काय सांगणार याचा अंदाज सिद्धरामला होता, आणि त्याची फारशी धास्तीही वाटेनाशी झाली होती. त्यानं दुसरी नळी भरली, वितळवली आणि लटकवली.

या वेळी त्यानं पेन हातातून खाली ठेवलं नाही. ऐंशी दशांश दोन. एकोणऐंशी दशांश सहा. एकोणऐंशी दशांश एक. अठ्ठ्याहत्तर दशांश सात. अठ्ठ्याहत्तर दशांश चार. आलं तसं लिहीत गेला, अकरा वर्षांत कागदावर न उतरलेले आकडे. मग सुई उमटली आणि पारा वळला.

"चढायलाय," तो मोठ्यानं म्हणाला, आणि मान वळवून बघितली. खुर्ची रिकामी होती. अर्धं मिनिट झालं होतं, त्यानं पुढचा आकडा लिहिला.